15 बार की 20 बार? घरच्या एस्प्रेसो मशीनबद्दल विचारायचं आहे

मधुरा_मनीषनगर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक छोटी एस्प्रेसो मशीन आहे. एकच बॉयलर, आणि पुढच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात 15 बार लिहिलंय. ग्राइंडर हाताचा आहे पण चांगला आहे, बिया चिकमगळूरच्या, ताज्या भाजलेल्या. तरी कप कसा येईल याची काही खात्री नाही. सकाळचा पहिला इतका आंबट की तोंड वाकडं होतं. त्याच्यामागून लगेच यांच्यासाठी काढलेला बरा लागतो. पाहुणे आले, दोघांचं दूध फेसाळून घेतलं आणि मग शॉट काढला, की जळका कडू. दर वेळी 18 ग्रॅम कॉफी मोजून घेते, कपात 36 ग्रॅम उतरले की बंद करते, ग्राइंडरचा काटा हलवत नाही.

सीताबर्डीतला दुकानदार म्हणाला, "ताई, 15 बारला दाब कमी पडतो म्हणून आंबट येतं, 20 बारची घ्या." ती बरीच महाग आहे. पैसे घालण्याआधी इथे विचारावं म्हटलं. खरंच फरक पडतो का?

तर्रीबाज

पडतो म्हणजे काय, पडतोच! माझी 20 बारची आहे. क्रेमा बघाल तर बोटभर जाड, साखर टाकली तरी वर तरंगते. ऑफिसातल्या मित्राकडे 15 ची आहे, त्याचा फेस पातळ. दाब जास्त तर अर्क जास्त, सरळ हिशेब आहे. घेऊन टाका ताई, कशाला विचार करता.

डिकॉक्शन

माफ करा, मधेच विचारतो. आमच्याकडे मोका पॉट आहे, त्यावर बारचा आकडाच लिहिलेला नाही. मग तो किती बारचा समजायचा? गॅसवर ठेवतो, बारीक आचेवर.

पाना_आणि_पकड

डिकॉक्शन भाऊ, मोका पॉटात वाफेच्या जोरावर पाणी चढते, तिथं एक-दीड बारच्या वर काही जात नाही. ती वेगळी कॉफी आहे, चांगली आहे, पण एस्प्रेसो नाही.

आता मधुराताई. मी मशीन दुरुस्तीचं काम करतो, हॉटेलच्याही आणि घरच्याही. दुकानदारानं तुम्हाला नेमकं उलटं सांगितलं. आपल्या विदर्भात ज्याच्या शेतात बोअर आहे त्याला हे लवकर समजते. मोटरच्या पाटीवर जास्तीत जास्त हेड लिहून असते ना, शंभर मीटर म्हणा. त्याचा अर्थ असा नाही की शंभर मीटरवर धो धो पाणी पडून राहिलं. शंभर मीटरवर पाणी थांबते. तिथं मोटर फिरते पण थेंब येत नाही. तुमच्या मशीनवरचे 15 बार म्हणजे तेच. पाण्याला बाहेर जायला वाटच ठेवली नाही, तर तो छोटा पंप जास्तीत जास्त तितका ढकलू शकते. शॉट चालू असताना कॉफीवर किती दाब येते, ते त्या आकड्यात लिहिलेलंच नाही.

कॉफीला पाहिजे 9 च्या आसपास. इटलीत एस्प्रेसोला प्रमाणपत्र देणारी संस्था आहे, तिच्या अटीत 9 बार लिहून आहे, एखादा बार इकडेतिकडे चालते. 1961 मध्ये फाएमाची ई61 आली, पंपवाली, तेव्हापासून कॅफेच्या मशीन 9 वरच लावून राहिले. 20 बारचा पंप घेऊन तुम्ही करणार काय? वरचे 11 कुठंतरी सोडावेच लागतील.

तर्रीबाज

मग माझ्या कपात बोटभर फेस कुठून येतो भाऊ? आकाशातून?

पाना_आणि_पकड

ज्या जाळीत कॉफी भरता ती बास्केट उलटी करून खालून पाहा. आतल्या बाजूनं खूप छिद्रं, बाहेरच्या बाजूनं सुईच्या टोकाएवढं एकच छिद्र, असं आहे का?

तर्रीबाज

हो. एकच आहे.

पाना_आणि_पकड

मग तो फेस त्या एका छिद्राचा आहे. दुहेरी तळाची बास्केट म्हणतात तिला. कॉफी जाड दळलेली असो, शिळी असो, डब्यातली असो, पाणी त्या बारीक छिद्रातून फवाऱ्यासारखं सुटते आणि हवा मिसळून फेस होते. त्यात कॉफीच्या थरानं दाब धरलाच नाही, छिद्रानं धरला. तुम्हाला चव आवडत असेल तर प्या, त्यात वाईट काही नाही. पण त्यावरून 20 बार चांगले असं म्हणता येत नाही. तीच बास्केट मित्राच्या 15 बारच्या मशीनला लावा, तितकाच फेस येईल.

मधुराताई, तुमची बास्केट कोणती?

मधुरा_मनीषनगर

माझी एकेरी. खालून सगळी छिद्रं दिसतात. दुहेरीवाली डब्यात पडून आहे.

वसंत_काका_प्रतापनगर

मी वीज खात्यातून निवृत्त झालो, म्हणून माझं मत सांगतो. हा सगळा व्होल्टेजचा खेळ आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर, एसी सुरू झाले की अनेक घरांत 230 चे 200 होतात. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे 200 व्होल्टला हीटर तीन चतुर्थांशच काम करतो. पाणी गार राहणार, कॉफी आंबट होणार. एक चांगला स्टॅबिलायझर लावा, प्रश्न मिटला.

पाना_आणि_पकड

काका, वर्गाचा हिशेब तुमचा शंभर टक्के बरोबर. पण हीटर हळू तापला तरी थर्मोस्टॅट त्याच अंशावर बंद होते. कमी व्होल्टेजनं उशीर लागेल, दोन कपांमध्ये जास्त थांबावं लागेल. पंपही थोडा मंदावेल. हे छोटे पंप लोहचुंबकावर चालतात, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 50 ठोके मारतात, तो जो गुर्रर्र आवाज येते तो त्याचाच. पण ताईंचा पहिला कप आंबट आणि दुधानंतरचा कडू, हे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा होऊन राहिलं असेल तर स्टॅबिलायझरनं जाणार नाही.

ताई, दोन गोष्टी तपासा. दोन्हीला पैसे लागत नाहीत.

पहिली दाबाची. पाण्याची टाकी पारदर्शक आहे ना? झाकण काढा, आत दोन नळ्या दिसतील. एकीनं पंप पाणी ओढते. दुसरी बारीक नळी परत येणारी. आत एक व्हाल्व्ह असते, स्प्रिंगवर बसलेला. ठरवलेल्या दाबाच्या वर गेलं की तो उघडते आणि जास्तीचं पाणी टाकीत परत सोडते. शॉट चालू असताना त्या परतीच्या नळीकडे पाहा. पाणी टपकून राहिलं तर व्हाल्व्ह दाब धरून आहे. नळी कोरडी असेल तर दाबावर कोणाचा ताबा नाही. तुमच्या भरडीनं आणि टॅम्पनं, म्हणजे कॉफी दाबून बसवण्यानं, जे होईल ते, कधी 8, कधी 13.

दुसरी तापमानाची. केकसाठी खुपसायचा थर्मामीटर चालते. थर्मोकोलचा कप घ्या, कॉफी न टाकता साधारण 60 मिली पाणी त्यात काढा आणि लगेच आकडा पाहा. हा आकडा कॉफीवर पडणाऱ्या पाण्यापेक्षा काही अंश कमीच दाखवेल, कप आणि हवा उष्णता खातात, त्यामुळे तो आकडा खरा धरू नका. वेगवेगळ्या वेळेच्या आकड्यांमधला फरक मात्र खरा आहे. हे पाहा: चालू करून मशीन तयार झाल्याचा दिवा लागल्या लागल्या, वीसेक मिनिटं तापल्यावर, हीटरचा दिवा नुकताच गेल्यावर, तो पुन्हा लागायच्या जरा आधी. वाफ काढल्यानंतरचं पाणी मात्र सांभाळून, ते उडते.

रामदासपेठी_आता_पुण्यात

पाना भाऊंचं सगळं पटतं, एक सोडून. 9 बार म्हणजे काही देवाची रेघ नाही. माझ्याकडे लिव्हरची मशीन आहे, स्प्रिंगवाली. अकिले गाज्जियाने 1948 च्या सुमारास बाजारात आणली त्याच जातीची. तिच्यात दाब सुरुवातीला 8-9 असतो आणि स्प्रिंग सैल होत जाते तसा उतरत शेवटी निम्म्यावर येतो. दाब स्थिर अजिबात नाही, पण कॉफी उत्तम, आणि हलक्या भाजलेल्या बियांना तर मला पंपापेक्षा हीच बरी वाटते. मग "स्थिर दाब हवा" हे कसं?

पाना_आणि_पकड

मुद्दा चांगला काढला. लिव्हरचा दाब उतरते, पण दर वेळी तसाच उतरते. स्प्रिंग तीच, उतार तोच. आजचा कप कालच्यासारखा येते आणि तुम्हाला भरड बदलायची तर कशासाठी बदलायची ते कळते. मी स्थिर म्हणतो तेव्हा हेच म्हणून राहिलो. ताईंच्या मशीनला व्हाल्व्ह उघडतच नसेल, तर टॅम्प जरा जोरात पडला की दाब दोन बार वर.

रामदासपेठी_आता_पुण्यात

मग त्याला स्थिर म्हणू नका, भरवशाचा म्हणा. आणि उतरता दाब सपाट दाबापेक्षा चांगला लागतो, हे माझं मत मी सोडत नाही.

पाना_आणि_पकड

नका सोडू. त्यावर माझं तुमच्याशी जमणार नाही, चालू द्या.

मधुरा_मनीषनगर

तपासलं. आकडे देते.

परतीची नळी: शॉट सुरू होऊन संपेपर्यंत कोरडी ठणठणीत. टॉर्च लावून पाहिलं. पंपाचा आवाज मात्र मध्यावर जड होतो, हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

पाणी: दिवा लागल्या लागल्या काढलं तर 79. पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट धरणारी दांडी, लावून ठेवून वीस मिनिटं तापू दिलं आणि मग काढलं तर 86. हीटरचा दिवा नुकताच गेला तेव्हा 90. दिवा पुन्हा लागायच्या जरा आधी 83. वाफेनंतर लगेच पाणी आलंच नाही, फुसफुस वाफ आणि शिंतोडे आले.

म्हणजे एकाच सकाळी 79 पासून 90 च्या वरपर्यंत! आणि मी बियांना दोष देत होते.

पाना_आणि_पकड

ताई, तुमच्या तीनही कपांचं उत्तर याच आकड्यांत आहे.

पहिला कप तुम्ही दिवा पाहून काढून राहिले. तो दिवा फक्त बॉयलरच्या अंगाचं तापमान सांगते. पाणी जिथून पडते ते पितळेचं डोकं आणि पोर्टाफिल्टर अजून गारच असते, पाणी त्यातून जाता जाता उतरते. गार पाण्यात आंबटपणा आधी सुटते, गोडवा आणि कडवटपणा मागं राहते. दुसऱ्या कपापर्यंत पितळ तापलेलं असते, म्हणून तो बरा. दुधासाठी बॉयलर वाफेच्या तापमानाला चढते, शंभरच्या बरंच वर. लगेच शॉट काढला तर कॉफीवर उकळतं पाणी पडते, मग जळकी लागणारच.

आता आणखी एक, जे लोक ध्यानात घेत नाहीत. या जातीच्या मशीनचा बॉयलर एवढासा असते, बऱ्याच मशीनमध्ये 100 मिलीच्या आसपास. कपात 36 ग्रॅम उतरते, पण ओली कॉफी स्वतः आणखी वीस-बावीस पिऊन बसते. म्हणजे एका शॉटमध्ये बॉयलरमधलं निम्म्याहून जास्त गरम पाणी जाते आणि तितकंच टाकीतलं गार पाणी आत येते. हीटर धावते, पण थर्मोस्टॅटला कळायला वेळ लागते. म्हणून शॉटच्या शेवटी तापमान उतरते. डिसेंबरात नागपूरच्या टाकीतलं पाणी आणि मे महिन्यातलं पाणी यात किती फरक असते ते तुम्हीच पाहा, उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तर अंघोळीला नको होते. त्यामुळे हिवाळ्यात तीच मशीन, तीच भरड, आणि कप जरा जास्त आंबट. हे 20 बारनं कसं सुधारेल?

मधुरा_मनीषनगर

नाही सुधारणार. मग आता करायचं काय? मशीन बदलायची नसेल तर?

पाना_आणि_पकड

तापमानाचं आधी. चालू करून किमान वीस मिनिटं, रिकामा पोर्टाफिल्टर डोक्याला लावूनच ठेवा. कॉफी दळून, टॅम्प करून तयार ठेवा. मग थोडं पाणी सोडा, हीटरचा दिवा लागेपर्यंत. दिवा लागला की पाणी बंद. पोर्टाफिल्टर चढवा आणि दिवा जायची वाट पाहा. तो गेला की सेकंद मोजायला लागा आणि दर वेळी तितक्याच सेकंदांनी शॉट सुरू करा. दहा सेकंदांनी म्हणा, वीस सेकंदांनी म्हणा. आंबट लागलं तर थांबणं कमी करा, कडू लागलं तर वाढवा. असं केलं की तुम्ही थर्मोस्टॅटच्या चढउताराच्या एकाच जागी उभ्या राहता.

दूध आधी नको. शॉट आधी, वाफ नंतर. पाहुण्यांसाठी दुसऱ्यांदा शॉट लागला तर पाणी सोडत राहा, फुसफुस थांबून सरळ धार आली की मग वरचाच क्रम पुन्हा.

व्हाल्व्हचं काम मात्र मशीन उघडून होते. वॉरंटी असेल तर हात लावू नका. संपली असेल तर स्प्रिंगचा स्क्रू फिरवून दाब उतरवता येते, काही मशीनला मऊ स्प्रिंग मिळते. प्लग काढूनच उघडायचं, आणि मशीन पूर्ण थंड असताना. पुढे गेज लावून, बिनछिद्राच्या बंद बास्केटनं 10 च्या जवळ आणायचं. पाणी वाहताना तो आकडा जरा उतरते, म्हणजे शॉटमध्ये 9 च्या आसपास राहील.

वसंत_काका_प्रतापनगर

प्लग काढून, हे ठळक अक्षरात लिहा. आणि अर्थिंग तपासा. पाणी आणि वीज एकाच डब्यात आहे. स्टॅबिलायझरचं माझं म्हणणं मात्र मी मागे घेत नाही, दोन कपांमधला उशीर तरी वाचेल.

तर्रीबाज

एक शंका. दाब कमी केल्यावर पाणी हळू जाणार, मग 36 ग्रॅमला जास्त वेळ लागणार ना? मग भरड परत जाड करावी लागेल?

पाना_आणि_पकड

असं वाटते खरं. पण जास्त दाबानं कॉफीचा थर दबून घट्ट होते आणि पाण्याचा रस्ता आवळते. म्हणून 13 वरून 9 वर आणलं तरी वेळ बहुतेक फार बदलत नाही. उलट जास्त दाबाला थरात एखादी कमजोर जागा सापडली की पाणी तिथूनच पळते, बाकीची कॉफी कोरडीच राहते. खालून उघडा पोर्टाफिल्टर असेल तर बारीक पिचकारी उडताना दिसते. त्या कपात आंबट आणि कडू दोन्ही एकदम लागते.

मधुरा_मनीषनगर

वॉरंटी केव्हाच संपली होती. मशीन पाना भाऊंसारख्याच एका ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घेतली. त्याच्याकडे गेज होता. बंद बास्केटवर आधी 14 दाखवला, स्क्रू फिरवून 10 वर आणला. आता शॉट चालू झाला की पाच-सहा सेकंदांनी परतीच्या नळीतून बारीक धार सुरू होते आणि शेवटपर्यंत राहते. पंपाचा आवाजही मध्येच जड होत नाही.

वेळ: भरड तीच, आधी 27 सेकंद लागायचे, आता 28. तर्रीबाज, तुमच्या शंकेचं उत्तर मिळालं. पिचकाऱ्या पूर्ण गेल्या नाहीत पण कमी झाल्या.

तापमानाची युक्तीही सुरू केली. दिवा गेल्यावर पंधरा सेकंदांनी शॉट. सकाळचा कप आता आंबट येत नाही. थोडी धार असते, पण ती बियांची आहे, फळासारखी. सासूबाईंनी पहिल्यांदाच साखर कमी टाकली.

पाहुण्यांचा कप अजून जमत नाही. वाफेनंतर पाणी सोडून सोडून टाकी अर्धी होते आणि तरी मधेच कडू निघतो.

पाना_आणि_पकड

तो एका बॉयलरचा स्वभाव आहे. पाणी सोडताना बॉयलर उतरते, पण पितळेचं डोकं तापलेलंच राहते. दोन-तीन मिनिटं द्या त्याला. तापमान बारकाईनं धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर बसवला तर नेहमीचे शॉट आणखी सारखे येतील, पण वाफेवरून खाली यायला लागणारा वेळ त्यानं काही फार वाचणार नाही. रोज चार-पाच दुधाचे कप करणार असाल, तर त्याच कारणासाठी दोन बॉयलरची मशीन पाहा. बार पाहू नका.

अजून एक विचारतो. टाकीत कोणतं पाणी टाकून राहिले, नळाचं की बोअरचं?

मधुरा_मनीषनगर

बोअरचं. आमच्या सोसायटीत नळाचं पाणी सकाळी थोडाच वेळ येतं.

पाना_आणि_पकड

मग बॉयलरमध्ये पांढरा थर बसून राहिला असेल. तो थर हीटर आणि पाण्याच्या मधे येते, थर्मोस्टॅटला खरं तापमान उशिरा कळते आणि 83 ते 90 चा तो फेरा आणखी रुंद होते. आधी थर काढून घ्या, मग परत थर्मोकोलच्या कपात मोजा आणि इथे आकडे टाका. त्याच्या आधी पीआयडीचा विचार नको.

डिकॉक्शन

आमच्याकडेही बोअरचंच पाणी आहे. मोका पॉटच्या आत खालच्या भांड्यात पांढरं बसलंय. ते लिंबाने निघेल का?

रामदासपेठी_आता_पुण्यात

मोका पॉट ॲल्युमिनियमचा असेल तर लिंबाचं पाणी फार वेळ ठेवू नका, आम्लाने धातू खराब होतो. आणि मधुरा, त्या मेकॅनिकला एकदा व्हाल्व्ह 8 वर लावायला सांग. 9 पेक्षा आवडेल, पैज.

मधुरा_मनीषनगर

आधी थर काढते. 8 चं त्यानंतर बघू. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं हेच कळणार नाही.